टक्कर आणि प्रतिक्षेप: संवेग कुठे लावायचा आणि ऊर्जा कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीच्या आणि प्रवेश परीक्षांच्या तयारीत टकरींवरची गणितं चुकतात ती बहुतेक वेळा बेरीज-गुणाकारात नाही. चूक त्याआधीच झालेली असते: जिथे ऊर्जा टिकत नाही तिथे ऊर्जेचं समीकरण मांडलेलं असतं. म्हणून खालच्या उत्तरांचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे, की टक्कर होत असताना नक्की काय टिकतं, आणि का.

संवेग प्रत्येक टकरीत टिकतो, मग गतिज ऊर्जा का टिकत नाही? दोन्ही वस्तुमान आणि वेगावरच तर अवलंबून आहेत.

दोन गाड्या एकमेकींवर आदळतात तेव्हा पहिली दुसरीला जेवढ्या बलाने ढकलते, तेवढ्याच बलाने दुसरी पहिलीला उलट दिशेने ढकलते. हा न्यूटनचा तिसरा नियम. आता ही दोन्ही बलं किती वेळ टिकतात ते पाहा. स्पर्श दोघींचा एकत्रच सुरू होतो आणि एकत्रच संपतो, त्यामुळे वेळ दोघींना नेमका सारखा मिळतो. बल गुणिले वेळ म्हणजे संवेगातला बदल. बल सारखं, वेळ सारखा, दिशा उलट. म्हणून एकीने जेवढा संवेग गमावला तेवढाच दुसरीने मिळवला. बेरीज हलत नाही. बंपर रबराचा आहे की चिखलाचा, याचा इथे काहीच संबंध येत नाही.

ऊर्जेचं तसं नाही. तिथे बल गुणिले वेळ नव्हे, तर बल गुणिले अंतर मोजावं लागतं. टक्कर चालू असताना दोन्ही गाड्यांनी कापलेलं अंतर सारखं नसतं. मागची गाडी वेगात असते, पुढची हळू, आणि मधला बंपर त्या फरकाएवढा दाबला जातो. मागच्या गाडीने जेवढी ऊर्जा दिली आणि पुढच्या गाडीला जेवढी मिळाली, त्यातली तफावत दाबलेल्या बंपरमध्ये जाते. बंपरने ती सगळी परत दिली तर टक्कर लवचिक, म्हणजे क्लासमध्ये जिला इलॅस्टिक म्हणतात ती. काही भाग उष्णतेत, आवाजात किंवा पत्रा वाकण्यात राहिला तर अलवचिक.

एकाच गणितात दोन्ही प्रकार आकड्यांसकट दाखवाल का?

२ किग्रॅची गाडी ३ मी/से वेगाने येते आणि उभ्या असलेल्या १ किग्रॅच्या गाडीवर समोरासमोर आदळते. रुळावर घर्षण नाही असं धरू. आधीचा एकूण संवेग २ × ३ = ६ किग्रॅ·मी/से, आणि आधीची गतिज ऊर्जा ½ × २ × ९ = ९ ज्यूल.

टकरीच्या मधोमध एक क्षण असा येतो की बंपर जास्तीत जास्त दाबला गेलेला असतो. त्या क्षणी दोन्ही गाड्यांचा वेग सारखाच असतो, कारण वेगात फरक असता तर बंपर अजून दाबला गेला असता किंवा सुटू लागला असता. संवेग तेव्हाही ६ च आहे आणि एकूण वस्तुमान ३ किग्रॅ, म्हणून दोघींचा वेग २ मी/से. त्या क्षणीची गतिज ऊर्जा ½ × ३ × ४ = ६ ज्यूल. म्हणजे ९ पैकी ३ ज्यूल बंपरमध्ये गेले. इथपर्यंतचा हिशोब सगळ्या टकरींत अगदी सारखा आहे. फरक पडतो तो यापुढे.

बंपरने ते ३ ज्यूल पूर्ण परत केले, तर टकरीनंतर मोठी गाडी १ मी/से आणि छोटी ४ मी/से वेगाने त्याच दिशेने जाते. पडताळून पाहा: संवेग २ × १ + १ × ४ = ६, आणि ऊर्जा १ + ८ = ९ ज्यूल. ही लवचिक टक्कर. इथे आणखी एक गोष्ट दिसते: आधी मोठी गाडी छोटीकडे ३ मी/से वेगाने येत होती, आता छोटी मोठीपासून ४ − १ = ३ मी/से वेगाने दूर जाते. जवळ येण्याचा वेग आणि दूर जाण्याचा वेग सारखा, ही लवचिक टकरीची सगळ्यात सोपी ओळख. वर्गाचं समीकरण सोडवत बसण्यापेक्षा हे समीकरण लिहा. ते सरळ आहे आणि चूक व्हायला जागा कमी.

बंपरने काहीच परत दिलं नाही, तर दोन्ही गाड्या त्या मधल्या क्षणीच अडकल्यासारख्या राहतात: चिकटून २ मी/से वेगाने पुढे जातात. ऊर्जा ६ ज्यूल, ३ ज्यूल गेले. ही पूर्ण अलवचिक टक्कर.

प्रत्यक्षातल्या बहुतेक टकरी या दोहोंच्या मध्ये असतात. समजा रेस्टिट्यूशनचा गुणांक e = ०.५ दिला आहे. म्हणजे दूर जाण्याचा वेग जवळ येण्याच्या वेगाच्या निम्मा, १.५ मी/से. संवेगाचं समीकरण 2v₁ + v₂ = 6 आणि हे दुसरं v₂ − v₁ = 1.5. दोन्ही सोडवली की मोठीचा वेग १.५ आणि छोटीचा ३ मी/से येतो. ऊर्जा २.२५ + ४.५ = ६.७५ ज्यूल. आता मघाच्या बंपरकडे पुन्हा बघा: ३ ज्यूल घेतले आणि परत दिले फक्त ०.७५, म्हणजे पाव हिस्सा. हा पाव हिस्सा म्हणजे e चा वर्ग. गुणांक निम्मा असला तरी परत मिळालेली ऊर्जा निम्मी नसते, पाव असते. पर्याय निवडण्याच्या प्रश्नांत हा सापळा हमखास असतो.

गाड्या चिकटल्या तर सगळीच ऊर्जा का संपत नाही? ६ ज्यूल का उरतात?

कारण संवेग ते संपू देत नाही. ६ किग्रॅ·मी/से संवेग कायम राहायचा असेल तर ३ किग्रॅचा तो जोड थांबूच शकत नाही, त्याला २ मी/से वेगाने जावंच लागतं, आणि त्या वेगासोबत ६ ज्यूल येतातच.

हेच दुसऱ्या बाजूने पाहिलं तर जास्त स्पष्ट होतं. तुम्ही स्वतः रुळाला समांतर २ मी/से वेगाने चालत आहात असं समजा. तुम्हाला मोठी गाडी १ मी/से वेगाने पुढे येताना दिसेल आणि उभी असलेली छोटी गाडी २ मी/से वेगाने उलट येताना दिसेल. तुमच्या दृष्टीने संवेग २ × १ − १ × २ = शून्य. तुमच्या दृष्टीने ऊर्जा १ + २ = ३ ज्यूल. हे तेच ३ ज्यूल, जे बंपरमध्ये गेले होते. टकरीला खर्च करायला मिळते ती एवढीच ऊर्जा. बाकीचे ६ ज्यूल वस्तुमानकेंद्राच्या गतीचे, त्यांना टकरीतलं कोणतंही बल हात लावू शकत नाही.

म्हणूनच दोन सारख्या गाड्या सारख्या वेगाने समोरासमोर येऊन चिकटल्या तर सगळी ऊर्जा जाते. तिथे एकूण संवेग शून्यच असतो, वस्तुमानकेंद्र जागचं हलत नाही, राखून ठेवायला काही नसतं.

गणितात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर टक्कर लवचिक आहे की नाही हे कसं ओळखायचं?

लिहिलेलं नसेल तर लवचिक धरू नका, हा पहिला नियम. "चिकटतात", "रुतते", "अडकते", "एकत्र जातात" असा कोणताही शब्द आला की टक्कर पूर्ण अलवचिक. टकरीनंतरचा एखादा वेग दिला असेल तर दुसरा वेग संवेगावरून काढा आणि मग ऊर्जा मोजून ठरवा. ऊर्जेचं समीकरण तिथे तपासणीसाठी आहे, सोडवण्यासाठी नाही. अणू-रेणू, न्यूट्रॉन, आदर्श वायूचे कण असले तर बहुधा लवचिक टक्कर अपेक्षित असते.

उत्तर आल्यावर एकदा ऊर्जेची बेरीज करून पाहायची सवय लावा. नंतरची ऊर्जा आधीपेक्षा जास्त आली आणि मध्ये स्प्रिंग, दारू किंवा स्फोट काहीच नसेल, तर कुठेतरी चिन्ह चुकलं आहे. बहुतेक वेळा उलट दिशेचा वेग धन घेतलेला असतो.

लाकडाच्या टांगलेल्या ठोकळ्यात गोळी रुतते आणि ठोकळा वर जातो. मी गोळीची ऊर्जा म्हणजेच ठोकळ्याची स्थितिज ऊर्जा धरली. उत्तर का चुकलं?

हा या विषयातला सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. ही मांडणी बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्यासाठी वर्णन केली. तेव्हा सेकंदाला शेकडो मीटर जाणारी वस्तू घड्याळाने मोजणं शक्यच नव्हतं. लोलकामुळे प्रश्न काही सेंटिमीटर मोजण्यावर आला.

आकडे घेऊ. गोळी १० ग्रॅम, म्हणजे ०.०१ किग्रॅ. ठोकळा १.९९ किग्रॅ. गोळी रुतल्यावर ठोकळा २०.४ सेंमी वर चढला. g = ९.८ मी/से² धरू.

ही एक घटना नाही, दोन आहेत. पहिल्या घटनेत गोळी लाकडात शिरते आणि थांबते. हे सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास आटोपतं. तेवढ्यात ठोकळा जेमतेम हललेला असतो, दोरी अजून उभीच असते, त्यामुळे आडव्या दिशेने बाहेरचं बल जवळजवळ नाही. इथे संवेग टिकतो. ऊर्जा मात्र टिकत नाही, कारण गोळी लाकूड फाडत आत जाते. दुसऱ्या घटनेत ठोकळा आणि गोळी मिळून झोका घेतात. आता दोरीचा ताण आणि गुरुत्वबल त्यांचा वेग कमी करतात आणि दिशा बदलतात, म्हणून संवेग टिकत नाही. पण दोरीचा ताण गतीला काटकोनात असल्याने कार्य करत नाही, म्हणून यांत्रिक ऊर्जा टिकते. दोन्ही घटनांत टिकणारी गोष्ट वेगळी आहे.

गणित मागून पुढे सोडवायचं. झोक्यासाठी V² = 2gh, म्हणजे २ × ९.८ × ०.२०४ = ४, तेव्हा झोका सुरू होतानाचा वेग V = २ मी/से. आता टक्कर: ०.०१ × v = २ × २, म्हणून गोळीचा वेग v = ४०० मी/से.

तुम्ही केलं तसं ऊर्जा सरळ जोडली तर काय येतं? झोक्याची ऊर्जा ½ × २ × ४ = ४ ज्यूल. ती गोळीची म्हणून धरली तर v² = ८ ÷ ०.०१ = ८००, आणि वेग सुमारे २८ मी/से. जोरात फेकलेला क्रिकेटचा चेंडूसुद्धा याहून वेगाने जातो. उत्तर चौदा पटीने चुकलं, आणि गुणाकार मात्र सगळे बरोबर होते.

मग ती बाकीची ऊर्जा गेली कुठे?

गोळीजवळ ½ × ०.०१ × १,६०,००० = ८०० ज्यूल होते. झोक्यात आले ४. उरलेले ७९६ ज्यूल लाकूड फाडण्यात, गोळी चेपण्यात आणि त्या दोघांना तापवण्यात गेले. ७९६ ज्यूल ऐकायला खूप वाटतात, पण दोन किलो लाकडात ते पसरले तर तापमान साधारण पाव अंश सेल्सियसनेच वाढेल. हाताला ते कळणारही नाही. म्हणून "ऊर्जा गेली असती तर दिसली असती" या अंदाजावर विसंबता येत नाही.

उभ्या वस्तूवर दुसरी वस्तू येऊन चिकटली, तर शिल्लक ऊर्जेचा हिस्सा येणाऱ्या वस्तुमानाचा एकूण वस्तुमानाशी असलेल्या प्रमाणाएवढा असतो. इथे ०.०१ ÷ २, म्हणजे अर्धा टक्का. मघाच्या गाड्यांत २ ÷ ३, म्हणजे ९ पैकी ६ ज्यूल. येणारी वस्तू जितकी हलकी, तितकं नुकसान जास्त.

गोळी ठोकळ्यातून आरपार गेली तर ठोकळ्याला जास्त धक्का बसेल ना?

नाही, कमी बसेल. समजा गोळी ४०० मी/से वेगाने शिरली आणि १०० मी/से वेगाने बाहेर पडली. तिने ठोकळ्याला दिलेला संवेग ०.०१ × ३०० = ३, आणि ठोकळ्याचा वेग ३ ÷ १.९९ = १.५१ मी/से. रुतली असती तर २ मी/से मिळाला असता. उलट ती ठोकळ्यावर आपटून १०० मी/से वेगाने मागे उसळली असती तर दिलेला संवेग ०.०१ × ५०० = ५ झाला असता आणि ठोकळा २.५१ मी/से वेगाने निघाला असता. आरपार जाणारी गोळी आपला उरलेला संवेग सोबत घेऊन जाते, उसळणारी मात्र आपल्याकडे होता त्याहून जास्त देऊन जाते.

ही दोन टप्प्यांची रीत पुस्तकाबाहेर कुठे लागते?

रस्त्यावरच्या अपघाताचा हिशोब करताना अगदी हीच लागते. १००० किग्रॅची गाडी उभ्या असलेल्या, ब्रेक लावलेल्या १५०० किग्रॅच्या गाडीवर मागून आदळली. दोन्ही एकमेकींत अडकल्या आणि चाकं न फिरता ८ मीटर घसरत गेल्या. कोरड्या डांबरी रस्त्याचा घर्षणगुणांक ०.७ धरू. येणाऱ्या गाडीचा वेग किती होता?

आधी घसरण. V² = 2μgd = २ × ०.७ × ९.८ × ८ ≈ ११०, म्हणून घसरायला सुरुवात होताना जोडगाडीचा वेग सुमारे १०.५ मी/से. मग टक्कर: १००० × u = २५०० × १०.५, आणि u सुमारे २६ मी/से, म्हणजे ताशी ९४ किमी. टक्कर विसरून गाडीची ऊर्जा थेट घसरण्यात खर्च झाली असं धरलं तर वेग १६.६ मी/से येतो, ताशी फक्त ६० किमी. चालक वेगमर्यादेत होता की नाही, याचं उत्तरच त्या एका चुकीने बदलू शकतं.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. गोळीची टक्कर इतकी झटपट होते की बाहेरच्या बलांना वेळच मिळत नाही. गाड्यांचा पत्रा चेपायला मात्र साधारण ०.१ सेकंद लागतो, आणि तेवढ्या वेळात रस्त्याचं घर्षण काम करतच असतं. दोन्ही गाड्यांची चाकं त्या वेळी अडकलेली असतील तर घर्षणबल ०.७ × २५०० × ९.८ = १७,१५० न्यूटन, आणि ०.१ सेकंदात त्याने काढून घेतलेला संवेग १,७१५ किग्रॅ·मी/से. एकूण संवेग २६ हजारांच्या वर आहे, म्हणजे चूक साधारण साडेसहा टक्क्यांची. खरा वेग आपल्या उत्तरापेक्षा थोडा जास्तच निघेल. "टकरीत संवेग टिकतो" हे वाक्य वापरताना बाहेरचं बल गुणिले टकरीचा वेळ किती होतो, हे एकदा असं मोजून बघावं.

बंदूक मागे ढकलली जाते, ती टक्कर आहे का? तिथे कोणतं समीकरण लावायचं?

समीकरण संवेगाचंच. प्रतिक्षेप म्हणजे पूर्ण अलवचिक टक्कर उलट्या क्रमाने. आपल्याच दोन गाड्या घ्या. २ किग्रॅची आणि १ किग्रॅची गाडी जवळजवळ उभ्या आहेत आणि मध्ये ३ ज्यूल साठवलेली दाबलेली स्प्रिंग आहे. स्प्रिंग सुटली की मोठी गाडी १ मी/से वेगाने एका बाजूला आणि छोटी २ मी/से वेगाने दुसऱ्या बाजूला जाते. संवेगाची बेरीज शून्यच, ऊर्जा १ + २ = ३ ज्यूल. रुळाशेजारून चालताना मघाशी दिसलेले तेच वेग इथे पुन्हा आले, फक्त दिशा उलट. तिथे ऊर्जा गतीतून बंपरमध्ये गेली, इथे स्प्रिंगमधून गतीत आली.

आता रायफल. ४ किग्रॅची रायफल १० ग्रॅमची गोळी ८०० मी/से वेगाने सोडते. गोळीचा संवेग ८, म्हणून रायफलचा प्रतिक्षेप वेग ८ ÷ ४ = २ मी/से, उलट दिशेने. ऊर्जा मात्र समसमान वाटली जात नाही. गोळीला ½ × ०.०१ × ६,४०,००० = ३,२०० ज्यूल, रायफलला ½ × ४ × ४ = ८ ज्यूल. संवेग सारखा असेल तर ऊर्जा वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात जाते. रायफल ४०० पट जड, म्हणून तिच्या वाट्याला चारशेवा हिस्सा. खांदा शाबूत राहतो तो यामुळेच.

प्रत्यक्षात मात्र धक्का या गणितापेक्षा जास्त बसतो असं सांगतात. ते खरं का?

खरं आहे. पुस्तकी गणितात जळलेली दारू मोजलेली नसते. अशा काडतुसात तीनेक ग्रॅम दारू धरू. ती वायू होऊन गोळीच्या मागोमाग नळीतून बाहेर पडते, आणि गोळीपेक्षाही वेगाने. तो वेग गोळीच्या दीडपट, १२०० मी/से धरला तर वायूचा संवेग ०.००३ × १२०० = ३.६. एकूण ११.६, आणि रायफलचा वेग २ ऐवजी २.९ मी/से. नळीच्या तोंडाशी बसवलेला मझल ब्रेक हाच वायू बाजूला किंवा मागे वळवून धक्का कमी करतो.

दस्ता खांद्याला घट्ट टेकवा असं का शिकवतात, तेही इथेच कळतं. २.९ मी/से वेगाची रायफल ५ सेंमी अंतरात थांबली तर सरासरी बल येतं सुमारे ३३५ न्यूटन. दस्ता आणि खांदा यांत फट असेल, तर रायफल आधी मोकळी वेग घेते आणि मग हाडावर आदळून १ सेंमीत थांबते. बल पाचपट, सुमारे १,७०० न्यूटन. संवेग दोन्ही वेळी तोच असतो.

कॅरममध्ये सोंगटीवर सरळ मारलं तरी स्ट्रायकर जागेवर का थांबत नाही? बिलियर्ड्सचा चेंडू तर थांबतो.

बिलियर्ड्सचे चेंडू सारख्या वस्तुमानाचे असतात. सारख्या वस्तुमानांच्या समोरासमोरच्या लवचिक टकरीत वेगांची अदलाबदल होते: येणारा थांबतो, उभा असलेला निघतो. (चेंडू घरंगळत आला असेल तर फिरकीमुळे तो पुन्हा थोडा पुढे सरकतो, ते वेगळं.)

कॅरमचा स्ट्रायकर नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १५ ग्रॅम, आणि सोंगटी ५ ते ५.५ ग्रॅम. e धरून सूत्र मांडलं तर आदळल्यानंतर स्ट्रायकरचा वेग u(m₁ − e·m₂) ÷ (m₁ + m₂). e एकपेक्षा जास्त होत नाही आणि स्ट्रायकर जड, त्यामुळे हा अंश नेहमी धनच. एकट्या मोकळ्या सोंगटीवर सरळ आदळलेला स्ट्रायकर पुढेच जाणार. लवचिक टकरीत आणि ५.३ ग्रॅमच्या सोंगटीवर तो आपला सुमारे ४८ टक्के वेग राखून ठेवतो. तिरका मारला तरी एकाच टकरीत त्याची दिशा फार वळत नाही. त्या कोनाची कमाल मर्यादा sin θ = m₂ ÷ m₁ वरून सुमारे २१ अंश येते. सोंगटीच्या मागोमाग स्ट्रायकरही पॉकेटमध्ये जातो, त्याचं कारण हेच.

लवचिक टकरीच्या सूत्रांवरून खरोखर काही नवीन शोधलं गेलं आहे का?

न्यूट्रॉन. १९३० मध्ये जर्मनीत बोथे आणि बेकर यांना दिसलं, की पोलोनियममधून येणारे अल्फा कण बेरिलियमवर पडले की त्यातून फार भेदक, विद्युतप्रभार नसलेला किरण निघतो. १९३२ च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्यूरी यांनी हा किरण पॅराफिन मेणावर सोडला, तेव्हा मेणातून वेगवान प्रोटॉन बाहेर उडाले. त्यांनी तो किरण गॅमा मानला.

केंब्रिजमध्ये जेम्स चॅडविक यांना हे पटलं नाही, कारण टकरीचा हिशोब जुळत नव्हता. प्रोटॉनला तेवढा वेग द्यायला गॅमा किरणाची ऊर्जा सुमारे ५५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट लागली असती. पण हाच किरण नायट्रोजनच्या केंद्रकांनाही उडवत होता, आणि त्यांच्या वेगावरून हिशोब केला तर ऊर्जा ९० च्या आसपास येत होती. एकाच किरणाला दोन वेगळ्या ऊर्जा असू शकत नाहीत. ऊर्जा आणि संवेग दोन्ही टिकतात असं मानायचं असेल तर येणारी वस्तू वस्तुमान असलेला कण असली पाहिजे.

मग त्या कणाचं वस्तुमान किती? वेग u आणि वस्तुमान M असलेला कण उभ्या वस्तुमान m वर समोरासमोर लवचिकपणे आदळला, तर त्या वस्तूला 2Mu ÷ (M + m) वेग मिळतो. प्रोटॉनचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला ३.३ कोटी मीटर निघाला होता, नायट्रोजनचा ४७ लाख मीटर. जास्तीत जास्त वेग घ्यायचा, कारण समोरासमोरची टक्कर तीच. प्रोटॉनचं वस्तुमान १ आणि नायट्रोजनचं १४ धरून दोन वेगांचा भागाकार केला की u आणि वरचं 2M दोन्ही उडून जातात:

(M + 14) ÷ (M + 1) = ३३० ÷ ४७ = ७.०२

यावरून M = (१४ − ७.०२) ÷ (७.०२ − १) = ६.९८ ÷ ६.०२ ≈ १.१६. येणाऱ्या कणाचा वेग माहीत नसताना, तो कण कधी दिसलेला नसताना, त्याचं वस्तुमान हाती आलं: जवळजवळ प्रोटॉनएवढं.

या रीतीची कमकुवत जागाही आकड्यांतच दिसते. नायट्रोजनचा वेग मोजताना १० टक्के इकडेतिकडे झालं, तर M ०.९१ पासून १.४२ पर्यंत कुठेही येऊ शकतं. भागाकार ७ च्या आसपास असताना त्यातला छोटासा बदल उत्तर बराच हलवतो. म्हणून चॅडविक यांनी टकरीवरून फक्त एवढंच मानलं की वस्तुमान प्रोटॉनच्या जवळ आहे, आणि नेमक्या आकड्यासाठी बोरॉनवर अल्फा कण आदळून न्यूट्रॉन सुटतो त्या अभिक्रियेतल्या ऊर्जेचा हिशोब केला. त्यातून १.००५ ते १.००८ अणुवस्तुमान एकक असं उत्तर आलं. आज मोजलेलं मूल्य १.००८७ आहे.